मोहोळ तालुक्यातलं एक मोहोळ

"मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरी-चौथीच्या मुलांना मधमाश्यांच्या घराची एक गोष्ट सांगायची आहे. परागीभवन म्हणजे काय आणि शेताला फुलांची गरज का असते, हे त्यांना गोष्टीतूनच कळावं असं वाटतं. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पाच मिनिटांत गोष्टीचा धडा झाला. निम्मी मुलं शेतकऱ्यांची आहेत, काही चुकीचं बोलले तर लगेच पकडतात. कशी सांगू?"

बाई, नमस्कार. मी पेट्यांचा माणूस. डाळिंबाचा बहर आला की बागायतदारांना मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं देतो, आणि कुणा शाळेचं बोलावणं आलं तर एक रिकामी पेटी मोटारसायकलला बांधून जातो. पहिल्या दोन-तीन शाळांत माझंही तुमच्यासारखंच झालं होतं. तिसऱ्या शाळेत मी म्हणालो, "आणि मग माशी फुलाला फळ यावं म्हणून पराग घेऊन जाते." पुढच्या रांगेतलं एक पोरगं म्हणालं, "तिला काय पडलंय फळाचं? ती थोडीच कलिंगड खाते?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण पोराचं बरोबर होतं.

गोष्टीचा धडा तिथंच होतो. आपण माशीला परोपकारी करून टाकतो. एकदा ती परोपकारी झाली की तिला भूक राहत नाही, घाई राहत नाही, चूक होत नाही, आणि असल्या माणसाचीसुद्धा गोष्ट होत नाही, मग माशीची कुठून होणार. माशी फुलावर जाते ती घरच्या पिल्लांना खायला आणायला. पराग एका फुलावरून दुसऱ्यावर पडतो तो तिच्या नकळत, अंगाला चिकटलेला सांडला म्हणून. हे 'नकळत' गोष्टीत नीट दिसलं की परागीभवन वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरं, माशी कोणती घ्यायची. पुस्तकात पेटीतली माशी असते. माझं पोट तिच्यावर आहे, तरी मी सांगेन की तुमच्या मुलांसाठी फुलोरी माशी घ्या. ती पेटीत राहत नाही. बांधावरच्या झुडपात एका फांदीला तळहाताएवढं एकच पोळं करते, उघड्यावर. आपल्याकडच्या कोरड्या, तापलेल्या रानात ती चांगली टिकते आणि तुमच्या निम्म्या मुलांनी तिचं पोळं बोरीत नाहीतर बाभळीत पाहिलेलं असतं. तिचा आणखी एक मोठा फायदा आहे, तो गोष्टीत येईलच.

पीक कोणतं, हे तुम्ही गोष्ट कुठल्या महिन्यात सांगणार त्यावर आहे. मी फेब्रुवारी-मार्च धरून कलिंगड घेतलंय. कलिंगडात नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं असतं, ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. डाळिंब सोलापूरचं खरं, पण त्याच्या एकाच झाडावर नुसती नर फुलंही येतात आणि नर-मादी दोन्ही असलेली फुलंही येतात. तिसरीच्या मुलाला त्यात गुंतवू नका.

आता गोष्ट. मी सांगतो तशीच लिहितो. मध्ये मध्ये माझं बोलणं येईल, ते तुमच्यासाठी.

मोहोळ तालुक्यात एका वस्तीशेजारी कलिंगडाचं दोन एकर रान होतं. (इथं मुलं हसतात. मोहोळमध्ये मोहोळ. हसू द्या.) रानाच्या बांधावर एक बोरीचं झुडूप होतं, इतकं काटेरी की त्यात हात घालायची कुणाची छाती नव्हती. त्याच्या अगदी मधल्या फांदीला एक पोळं लटकत होतं. पण लांबून पोळं दिसायचंच नाही. दिसायची एक गोधडी, हलणारी. हजारो बहिणी एकमेकींना धरून पोळ्यावर पांघरुणासारख्या बसलेल्या असायच्या. ऊन लागलं तर त्याच सावली करायच्या आणि थंडी पडली तर ऊबही त्याच द्यायच्या. फांदीवर पोळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे त्यांनी झाडाच्या चिकाचं एकेक कडं लिंपलं होतं. मुंगी आली की तिचे पाय तिथंच चिकटायचे.

या घरात एका सकाळी गोदी जन्मली. मेणाच्या खोलीचं झाकण कुरतडून तिनं डोकं बाहेर काढलं आणि कुणी काही सांगायच्या आतच तिनं स्वतःची खोली साफ करायला घेतली. कारण राणीला तिथं पुन्हा अंडं घालायचं होतं.

राणी म्हणजे हुकूम सोडणारी नव्हे हं. ती दिवसभर अंडी घालायची. दुसरं काही करायला तिला सवडच नव्हती, जेवणसुद्धा मुली तोंडात भरवायच्या. घरात नरही होते, पण ते मध आणत नव्हते, पोळं बांधत नव्हते, त्यांना नांगीही नव्हती. काम सगळं बहिणींचं. आणि कुणी काय करायचं ते बरंचसं वयावर ठरायचं. लहानपणी सफाई, मग बाळांना भरवणं, मग पोळं बांधणं, आणि सगळ्यात मोठ्या झाल्या की बाहेर जाणं.

गोदी बाळांना भरवायच्या वयाची झाली. बाळं म्हणजे पांढऱ्या अळ्या, खोलीखोलीत वळवळणाऱ्या. त्यांचं जेवण दोन प्रकारचं. फुलातल्या मकरंदाचा मध म्हणजे भाकरी आणि पराग, म्हणजे फुलातली पिवळी पूड, ती डाळ. नुसत्या भाकरीवर बाळ वाढत नाही. एक दिवस गोदी डाळीच्या खोल्या बघायला गेली तर त्या जवळजवळ रिकाम्या होत्या.

(बाई, इथं थांबा आणि विचारा, आता काय होईल? गोष्टीला लागणारी अडचण एवढीच आहे, राक्षस आणायची गरज नाही. हे खरंही आहे. पराग यायचा थांबला की वसाहत पिल्लं वाढवणं कमी करते. पेटी उघडली की मी आधी तेच बघतो. पोळ्यात मध असूनही परागाच्या खोल्या कोरड्या दिसल्या तर तीन आठवड्यांनी माश्या कमी होणार, हे मला तेव्हाच कळतं, कारण अंड्यापासून माशी व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात.)

तेवढ्यात एक मोठी बहीण धप्पकन पोळ्याच्या माथ्यावर उतरली. तिच्या मागच्या दोन्ही पायांवर पिवळ्या गोळ्या होत्या, मोहरीएवढ्या. पोळ्याचा माथा फांदीभोवती फुगलेला असतो, अंगणासारखा सपाट. त्या अंगणात ती नाचू लागली. एका दिशेला तोंड करून, शेपूट थरथरवत ती सरळ धावली, मग गोल फिरून परत आली आणि पुन्हा त्याच दिशेला धावली. ज्या दिशेला ती धावत होती, तिकडंच कलिंगडाचं रान होतं. बहिणींनी तिच्या अंगाला तोंड लावलं, वास घेतला, चव घेतली. गोदीनंही घेतली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं बोरीच्या काट्यांमधून बाहेर झेप घेतली.

फुलोरी घ्या असं मी म्हणालो ते या नाचासाठी. पेटीतली माशी अंधारात, उभ्या पोळ्यावर नाचते. तिला 'सूर्याच्या डावीकडे एवढ्या अंशांत' हे उभ्या भिंतीवर सांगावं लागतं. ते कोडं कार्ल फॉन फ्रिश यांनी सोडवलं आणि त्या कामासाठी त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. तिसरीच्या मुलाला ते कसं समजावणार? फुलोरी मात्र आडव्या माथ्यावर, उघड्या आभाळाखाली नाचते आणि थेट खाण्याच्या दिशेला धावून दाखवते. वर्गात एका मुलीला माशी करा. तिनं मनात एक जागा धरायची, पाण्याची टाकी म्हणा किंवा फाटक, आणि तिकडं तोंड करून कंबर हलवत चालायचं. जागा लांबची असेल तर कंबर जास्त वेळ हलवायची. बाकीच्यांनी ओळखायचं. पाच मिनिटं जातात, पण हा भाग मुलं घरी जाऊन करून दाखवतात.

गोष्ट पुढं.

रानात वेलांवर पिवळी फुलं उमललेली होती. गोदी एका फुलात शिरली. त्या फुलाच्या मागं नुसता देठ होता, फळबिळ काही नाही. ते नर फूल. आत पिवळी पूड होती. गोदी तिच्यात लोळलीच म्हणा. तिच्या अंगभर केस असतात, केसांना पूड चिकटली. बाहेर येऊन तिनं पायांनी अंग झाडलं, पूड थोड्या मधानं भिजवली आणि मागच्या पायांवर थापली, आपण पीठ मळून गोळा करतो तशी. पण आपली पाठ आपल्याला कुठं नीट चोळता येते? तिचेही पाय पोचत नाहीत अशा जागा होत्या. तिथं पूड राहिली.

दुसरं फूल, तिसरं फूल. सगळी कलिंगडाचीच, कारण आज तिला कलिंगडाच्या फुलाचा वास आणि वाट पाठ झाली होती. शेजारी दुसऱ्या रंगाचं फूल होतं, तिकडं तिनं पाहिलंही नाही.

चौथं फूल वेगळं होतं. त्याच्या मागं, देठाच्या जागी, गोटीएवढं लवदार कलिंगड होतं. ते मादी फूल. त्यात पूड नव्हती. गोदीला पूड मिळाली नाही, पण तळाशी मकरंद होता, म्हणून ती वाकली. वाकताना तिची पाठ फुलाच्या मधोमध असलेल्या चिकट गड्ड्याला घासली. पाठीवरची थोडी पूड तिथं राहिली. गोदीला ते कळलं नाही. ती मकरंद पिऊन उडाली.

त्या फुलावर त्या सकाळी आणखी कोण कोण आलं. गोदीच्या बहिणी आल्या, लांबच्या झाडावरची एक मोठी आग्या माशी आली, जमिनीत बीळ करून एकटी राहणारी एक बारकी माशीही आली. प्रत्येकीनं थोडी थोडी पूड सांडली. दुपारी फूल मिटलं, ते पुन्हा उघडलंच नाही. कलिंगडाच्या फुलाला एकच दिवस मिळतो.

पण आत काम सुरू झालं होतं. पुडीच्या एकेका कणातून एकेक बारीक धागा निघाला आणि गोटीच्या आत शिरला. जो कण पोचला, त्यानं एक बी केलं. एका बीला एक कण. कलिंगडात किती बिया असतात, आठवा बरं. तितके कण तरी पोचायला हवेत. तीन-चार दिवसांत गोटी खाली वाकली आणि फुगायला लागली.

शेजारी पानाखाली दडलेलं एक फूल होतं. त्याच्याकडं दोनच माश्या गेल्या. त्याची गोटी पिवळी पडली आणि गळून गेली.

(शेतकऱ्यांच्या पोरांचे कान इथं टवकारतात. 'सेटिंग झालं नाही' हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं. माश्यांच्या भेटी मोजून केलेल्या प्रयोगांत कलिंगडाच्या मादी फुलाला चांगलं फळ धरायला आठेक भेटी तरी लागतात, असं दिसलं आहे. मुलांना आकडा सांगू नका, 'दोन माश्यांनी भागत नाही' एवढं पुरे. गोटीच्या वरचा चिकट भाग, म्हणजे कुक्षी, तीन भागांची असते. एका भागाला भरपूर पराग मिळाला आणि दुसऱ्याला नाही, तर फळ धरतं पण वाकडं होतं.)

गोदी रोज गेली. ऊन तापायच्या आत आणि ऊन कलल्यावर. काही दिवसांनी तिचे पंख कडेनं फाटले. एके संध्याकाळी ती परत आली नाही. माशी एवढंच जगते. पण तिनं आणलेल्या डाळीवर वाढलेल्या बहिणी आता गोधडीत बसल्या होत्या.

गोदी मरते हे सांगायचं की नाही, हा तुमचा निर्णय. पहिलीच्या वर्गात मी सांगत नाही. तिसरी-चौथीला सांगतो. शेतातल्या मुलांनी मरण पाहिलेलं असतं, आणि माशी मरते पण घर राहतं, ही या गोष्टीतली फार महत्त्वाची जागा आहे, कारण पुढचा भाग घराचा आहे.

मग कलिंगडाची फुलं कमी झाली. वेलावर फळं होती, मोठी होत होती. मालक खूष. पण माशीच्या दृष्टीनं ते रान म्हणजे कुलूप लागलेली खानावळ. फळ तिच्या कामाचं नाही. दोन एकरांत खायला काही नाही आणि घरात बाळं रडतायत.

बहिणी चारी दिशांना गेल्या. विहिरीजवळच्या कडुनिंबाला मोहर आला होता. ओढ्याच्या करंजाला तुरे लागले होते. परसातल्या शेवग्यावर पांढरी फुलं होती. आणि बांधावर, जिथं कुणाचं लक्ष जात नाही, तिथं एकदांडीची बारकी पिवळी-पांढरी फुलं होती. प्रत्येकीकडं थोडं थोडं. त्या थोड्याथोड्यावर घर तगलं.

त्याच आठवड्यात रानात जेसीबी आला. मालकाला बांध साफ करायचा होता. तण काढायचं, झुडपं उपटायची, मग पेटवून द्यायचं. जेसीबी बोरीपाशी आला तशी आजी घरातून ओरडली, "ए, ती बोर ठेव! माझ्या हातची लावलेली आहे. बोरं काय बाजारातनं आणायची का?" मालक पुटपुटला, पण आजीपुढं कोण बोलणार. जेसीबीनं बोरीला वळसा घातला आणि बोरीखालचा चार हात बांधही तसाच राहिला.

आजीला माश्या आहेत हे माहीतसुद्धा नव्हतं. तिला बोरं हवी होती.

भाद्रपदात बोरीला फुलं आली, बारकी, हिरवट, कुणाच्या नजरेत न भरणारी. सगळं झुडूप गुणगुणायला लागलं. बोरीची फुलं संपता संपता तूर फुलली. तूर संपली आणि करडई आली. आणि माघात कलिंगडाचं पहिलं मादी फूल उमललं, तेव्हा बोरीतून एक गोदी निघाली. तिचं नावही गोदीच ठेवू.

इथं गोष्ट संपते. आजीनं माश्या वाचवल्या असं करू नका, हा माझा आग्रह. गावातल्या कार्यक्रमासाठी एकदा मी नात शाळेतून शिकून येते आणि बापाला भाषण देते, असा शेवट केला होता. मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या, मुलं जांभया देत होती. आजीला बोरं हवीत, माशीला डाळ हवी, मालकाला सेटिंग हवं. कुणी कुणाचं भलं करायला निघालेलं नाही, आणि तरी तिघांचं एकमेकांवाचून अडतं. मुलांना हे कळतं, कारण त्यांच्या घरात असंच चालतं.

आता शेताला फुलांची गरज का असते, याबद्दल थोडं मोठ्यांसाठी. लोकांना वाटतं कलिंगडाला कलिंगडाची फुलं पुरली. पण पिकाची फुलं दोन-तीन आठवडे असतात आणि वसाहतीला वर्षभर खावं लागतं. मी पेट्या उचलून दुसरीकडं नेऊ शकतो, उन्हाळ्यात साखरेचा पाक देऊ शकतो. फुलोरीला आणि आग्याला कुणी पाक देत नाही. आसपास फुलं संपली की पोळं रिकामं करून ती निघून जाते. तुम्ही एप्रिल-मेमध्ये रसवंतीवर आणि गुऱ्हाळावर माश्यांचे घोळके पाहिले असतील. लोक म्हणतात माश्यांना रस आवडतो. आवडत असेलही, पण शिवारात फुलं राहिली नाहीत म्हणून त्या तिथं जमतात, आणि काहिलीत पडून मरतात.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं उदाहरण देतो. त्यानं कलिंगडावर पांढरं क्रॉप कव्हर घातलं होतं, रोप लहान असताना किडीपासून आणि व्हायरसपासून वाचावं म्हणून. चांगली पद्धत आहे, मीही सांगतो घाला. पण मादी फुलं दिसायला लागली की कव्हर काढायचं असतं. त्यानं एका एकरावरचं वेळेत काढलं आणि घरात लग्न निघालं म्हणून दुसऱ्या एकरावरचं आठ-दहा दिवस तसंच राहिलं. पाणी तेच, खत तेच, रोप एकाच नर्सरीचं. दुसऱ्या एकरात वेल जोमदार, पानं काळीभोर, आणि खाली बघितलं तर पिवळ्या पडून वाळलेल्या गोट्या. त्यानं आधी औषधवाल्याला फोन केला, त्यानं फवारणी सांगितली. मी गेलो तेव्हा कव्हर निघून तीन दिवस झाले होते आणि नव्या फुलांमागच्या गोट्या वाकून फुगायला लागल्या होत्या. फवारणीनं नाही, कव्हर निघाल्यानं. पण पहिल्या फुलांची फळं गेली ती गेलीच, माल उशिरा निघाला आणि तोपर्यंत भाव उतरला होता.

वाकड्या फळाचं कारण मात्र दरवेळी पराग नसतं. पाण्याची ओढ बसली, अन्नद्रव्य कमी पडलं, रोग आला, तरी फळ बिघडतं. ओळखायला सोपी युक्ती आहे आणि ती वर्गात होते. बाजारातून एक वाकडं कलिंगड मुद्दाम आणा, स्वस्तात मिळतं. उभं चिरा. फुगलेल्या बाजूला काळ्या भरलेल्या बिया आणि चिमटलेल्या बाजूला पांढऱ्या, पोकळ, न भरलेल्या बिया दिसल्या तर परागच कमी पोचला होता. दोन्ही बाजूंना बिया सारख्याच भरलेल्या असतील तर कारण दुसरीकडं शोधायचं. मुलांना दोन्हीकडच्या बिया मोजायला लावा आणि मग खायला द्या. बिनबियांचं आणू नका, सगळी गंमत जाईल.

केसांना पूड कशी चिकटते, ते दाखवायला सोलापुरात आपल्याला वस्तू शोधावी लागत नाही. घरातला टर्किश टॉवेल घ्या. एका ताटलीत हळद, तिच्यावर टॉवेलचं टोक टेकवा आणि दुसऱ्या ताटलीतल्या ओल्या पांढऱ्या कापडाला पुसटसं लावा. मग हेच प्लॅस्टिकच्या कागदानं करा. टॉवेलचे फासे म्हणजे माशीचे केस. कागद म्हणजे तुमचा गुळगुळीत मुंगळा, तोही फुलावर जातो, पण अंगावर फारसं काही घेऊन येत नाही.

तुम्ही म्हणालात मुलं चूक पकडतात. ती बहुधा एका जागी पकडतील. आपण म्हणून जातो, 'माशी नसेल तर अन्नच मिळणार नाही.' मागच्या बाकावरचा कुणीतरी विचारेल, "ज्वारीला कुठं माशी लागते?" तो बरोबर आहे. मंगळवेढ्याची ज्वारी स्वतःच्याच परागावर आणि वाऱ्यावर पिकते, गहू-बाजरीलाही माशी लागत नाही, आणि ऊस तर कांडी लावून येतो. ज्वारीच्या कणसावर माश्या दिसतात त्या पराग न्यायला आलेल्या असतात, ज्वारीचं त्यांच्यावाचून अडत नाही. माश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल असं आईन्स्टाईनच्या नावावर खपवलेलं वाक्य फिरत असतं. तो तसं म्हणाल्याचा काही पुरावा नाही, ते भिंतीवर लावू नका. मुलांना सरळ सांगा की भाकरी मिळेल, पण तिच्याबरोबर काकडी, भोपळा, कलिंगड, करडईचं तेल यातलं काही मिळणार नाही तर काही कमी मिळेल. कांद्याचंही विचारतील. खायचा कांदा माशीशिवाय होतो, पण त्याचं बी व्हायला गोंड्यावर माशी यावी लागते. आणि शेडनेटमध्ये एक काकडी घेतात, तिला परागाशिवायच फळ धरतं. कुणाच्या घरी ती असेल तर त्याला वर्गात बोलायला लावा, तुमचं काम तोच करेल.

फवारणीचा विषय निघेलच. माझ्या सहा पेट्या एका सकाळी गेल्या आहेत. शेजारच्या फुलोऱ्यातल्या पिकावर दहा वाजता फवारा झाला होता. दुपारी पेट्यांच्या दारात माश्यांचा ढीग होता, जिभा बाहेर काढलेल्या, काही अजून गोल गोल फिरत होत्या. तरी गोष्टीत फवारणारा खलनायक आणू नका, कारण तो वर्गातल्या कुणाचा तरी बाप असतो आणि ते पोर मान खाली घालतं. विचारलं तर एवढंच सांगा की फुलं उघडी असताना शक्यतो फवारू नये आणि फवारावंच लागलं तर दिवस मावळताना, माश्या घरी गेल्यावर. पोरं हे घरी जाऊन सांगतात, आणि त्यांचं ऐकलं जातं. माझं कुणी ऐकत नाही.

वेळ असेल तर गोष्टीनंतर एक प्रयोग करा. शाळेजवळ कुणाचं कलिंगडाचं किंवा काकडीचं रान असेल तर संध्याकाळी जा. उद्या उमलणारी कळी टोकाला पिवळी झालेली आणि टपोरी दिसते. गोटीवाल्या पंधरा मादी कळ्या निवडा. दहांना मच्छरदाणीच्या दुहेरी कापडाची पिशवी सैल बांधा, पाच उघड्या ठेवा, पण त्यांच्या देठाला रंगीत दोरा बांधून खूण करा. सकाळी झाकलेल्यांपैकी पाच उघडून, ताज्या नर फुलाच्या पाकळ्या मागं दुमडून त्याची पूड मुलांच्या हातानं मादी फुलाच्या मधोमध लावा. एका मादी फुलाला दोन-तीन नर फुलं वापरा, आणि पिशवी परत बांधा. उरलेल्या पाच पिशव्या उघडूच नका. दुसऱ्या दिवशी सगळ्या पिशव्या काढा आणि पाच-सहा दिवसांनी मोजा. एकेकच फूल घेऊ नका. वेलावर आधीची फळं असली किंवा ऊन कडक असलं तर चांगलं परागीभवन होऊनही काही गोट्या गळतात, मग मुलं भलताच निष्कर्ष काढतात.

पावसाळ्यात करायचं झालं तर काकडी किंवा लाल भोपळा घ्या, भोपळ्याचं फूल मोठं असल्यानं लहान हातांना सोपं जातं. फक्त त्याला भल्या सकाळी गाठावं लागतं, दुपारच्या आत ते मिटतं. आणि परसातला दोडका किंवा दुधी घेऊ नका. एका शाळेत मी दोडक्याची कळी दाखवून "उद्या सकाळी उमलेल, बघा" असं छातीठोक सांगून आलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर मुलं फाटकातच उभी. "गुरुजी, ती काल रात्रीच फुलली!" दोडक्याची आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, हे मला, पेट्यांच्या माणसाला, त्या पोरांनी शिकवलं.